देवमाशाचं चित्र आणि एकशे सतरा नंबरचं पाकीट

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. ‘चित्र हवेतून टॅबमध्ये येतं कसं?’ असं सारखं विचारते. टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसची उपमा घेऊन तिला गोष्ट सांगायची आहे, पण मोठेपणी पुसून टाकावं लागेल असं काही तिच्या डोक्यात भरवायचं नाही. गोष्ट कशी रचू?

उपमा उत्तम आहे. फक्त गोष्टीत पोस्टमनला फार जागा देऊ नका. खरी गंमत आतल्या हॉलमध्ये असते, जिथे थैल्या फोडतात, पत्ते वाचतात आणि पाकिटं खणांत टाकतात. इंटरनेटवर हे काम राउटर करतो.

मी नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं आहे आणि ही गोष्ट मुलांच्या वर्गात अनेकदा सांगितली आहे. मुलांच्या मनात हमखास दोन चुकीच्या समजुती बसतात. पहिली, मधल्या ऑफिसांना सगळा रस्ता माहीत असतो. दुसरी, पाकीट हरवलं तर ज्या ऑफिसात हरवलं ते पाठवणाऱ्याला तसं कळवतं. म्हणून मी गोष्ट हरवलेल्या एका पाकिटाभोवती गुंफतो. मी सांगतो तशीच खाली लिहितो, तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा.

---

एका मुलीनं टॅबवर निळ्या देवमाशाच्या नावावर बोट टेकवलं. चित्र टॅबमध्ये नव्हतंच. ते होतं समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयाच्या कॉम्प्युटरमध्ये. म्हणून टॅबनं एक छोटंसं पाकीट रवाना केलं. आत लिहिलं होतं, ‘देवमाशाचं चित्र पाठवा.’ पाकिटावर दोन पत्ते होते, एक कुणाला पाठवायचं त्याचा आणि दुसरा कुणी पाठवलं त्याचा. इंटरनेटवरचे पत्ते आकड्यांचे असतात. मुलीच्या घराचा पत्ता होता 203.0.113.25.

संग्रहालयात पाठवणारे काका बसले होते. त्यांनी पाकीट उघडलं आणि देवमासा बाहेर काढला. कॉम्प्युटरमध्ये चित्र म्हणजे आकड्यांची लांबच लांब ओळ असते. या देवमाशात २,९२,००० आकडे होते आणि त्यातला प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. अशा एका आकड्याला बाइट म्हणतात.

एवढी ओळ एका पाकिटात मावेना. टपालाचा नियम असा की पाकीट १,५०० आकड्यांपेक्षा मोठं नको. त्यातली ४० आकड्यांची जागा पत्ते आणि नंबर लिहायलाच लागते. मग चित्रासाठी उरली किती? १,४६०. आता भागाकार करा बघू, २,९२,००० भागिले १,४६०. बरोबर २०० पाकिटं!

‘एक मोठा पेटाराच का नाही पाठवत?’ काकांच्या हाताखालच्या पोऱ्यानं विचारलं.

‘अरे, पेटारा रस्ता अडवून बसेल. मागे कुणाचं दोन ओळींचं पत्र असलं तरी त्याला ताटकळावं लागेल. शिवाय पेटाऱ्याचा एक कोपरा भिजला तरी सगळा पेटारा पुन्हा पाठवायचा का? पाकीट भिजलं तर तेवढं एकच पुन्हा पाठवू.’

काकांनी देवमासा कापला, म्हणजे चित्र हं! पाकिटांवर १ ते २०० नंबर घातले आणि प्रत्येक पाकिटावर तोच पत्ता लिहिला. एक गोष्ट त्यांनी फार जपून केली. प्रत्येक पाकिटाची नक्कल आपल्या टेबलाच्या खणात ठेवून दिली.

आता नीट ऐका. काकांनी पाकीट एका थैलीत घातलं आणि थैलीच्या तोंडाला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर मुलीचा पत्ता? छे! चिठ्ठीवर फक्त एवढंच होतं, ‘टेकडीवरचं ऑफिस’.

टेकडीवरच्या ऑफिसात सॉर्टर दादा होता. थैली आली की तो ती फोडायचा, रिकामी थैली आणि तिची चिठ्ठी बाजूला फेकायचा आणि पाकिटावरचा पत्ता वाचायचा. पत्त्याला मात्र तो हात लावायचा नाही. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायचा. तक्त्यावर लिहिलं होतं:

```
203.…        -> पूर्वेचा खण
203.0.113.…  -> बंदराचा खण
बाकी सगळे    -> मोठ्या ऑफिसचा खण
```

आपल्या पाकिटाला पहिल्या दोन्ही ओळी लागू पडत होत्या. पण दादाचा नियम पक्का होता, जिथे जास्त आकडे जुळतील ती ओळ खरी. म्हणून पाकीट गेलं बंदराच्या खणात. तिथून नव्या थैलीत. नव्या थैलीवर नवी चिठ्ठी, ‘बंदराचं ऑफिस’.

दादाला मुलीचं घर माहीत होतं का? नाही. मध्ये किती ऑफिसं आहेत, हे माहीत होतं का? तेही नाही. त्याला एवढंच माहीत होतं की हे पाकीट पुढच्या ऑफिसात कुठल्या दारानं जातं. पुढे काय करायचं ते पुढच्या ऑफिसाचं काम.

टेकडीवरून बंदर, बंदरावरून समुद्राच्या तळाशी टाकलेली काचेच्या तंतूंची केबल. त्या तंतूतून पाकिटं प्रकाशाच्या लुकलुकीनं धावत होती, सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. पलीकडच्या किनाऱ्यावर आणखी काही ऑफिसं आणि शेवटी मुलीच्या घरातलं सगळ्यात छोटं ऑफिस, वायफायची डबी. डबीपासून टॅबपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा हवेतून.

टॅबमध्ये मावशी पाकिटं घ्यायला बसली होती. पाकीट आलं की ती परत एक चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठीत ‘मिळालं’ असं लिहायची नाही. आता कुठलं हवं ते लिहायची. १ मिळालं की ‘आता २ द्या’. २ मिळालं की ‘आता ३ द्या’.

काकांनी आधी फक्त १० पाकिटं सोडली, कारण रस्त्यावर किती गर्दी आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. एक चिठ्ठी परत आली की ते दोन नवी पाकिटं सोडायचे. त्यामुळे दुसऱ्या फेरीत २०, तिसरीत ४० आणि चौथीत ८० गेली. चौथ्या फेरीत पाकिटं होती ७१ ते १५०.

आणि नेमकं त्याच वेळी बंदराच्या ऑफिसात तीन बाजूंनी थैल्या येऊन आदळल्या. समुद्रापलीकडे जाणाऱ्या पाकिटांचा खण काठोकाठ भरला. तिथल्या सॉर्टर दादाच्या हातात होतं ११७ नंबरचं पाकीट. त्यानं भिंतीवर पाहिलं. तिथे लिहिलं होतं, ‘खण भरला असेल तर पाकीट टाकून द्या. थांबू नका.’

दादानं पाकीट टोपलीत टाकलं. वहीत नोंद केली नाही, कुणाला निरोप धाडला नाही. क्षणभरानं खणात जागा झाली आणि ११८ नंबरचं पाकीट सहज आत गेलं.

इकडे मावशीला ११६ मिळालं. तिनं लिहिलं, ‘आता ११७ द्या.’ मग आलं ११८. मावशीनं ते बाजूला जपून ठेवलं आणि लिहिलं, ‘११७ द्या.’ ११९ आलं. ‘११७ द्या.’ १२० आलं. ‘११७ द्या.’

काकांनी पहिली चिठ्ठी वाचली. ठीक. दुसरी वाचली, तीच. ‘वाटेत पाकिटं पुढेमागे झाली असतील,’ ते म्हणाले. तिसरी पुन्हा तीच. चौथीही तीच! काका ताडकन उठले, खणातून ११७ ची नक्कल काढली आणि रवाना केली.

दरम्यान उरलेली सगळी पाकिटं आधीच निघालेली होती. १५१ आलं, १८० आलं, २०० सुद्धा आलं, आणि प्रत्येक वेळी मावशी एकच लिहीत राहिली, ‘११७ द्या.’ देवमाशाच्या पाठीवर एका पाकिटाएवढं भोक होतं.

मग दारावर टकटक झाली. ११७ नंबरचं पाकीट! मावशीनं ते जागेवर लावलं, बाजूला ठेवलेली सगळी त्याच्यामागे ओळीनं जोडली आणि चिठ्ठी लिहिली. काय लिहिलं असेल? ११८ द्या?

नाही. ‘आता २०१ द्या.’

काका हसले. २०१ नंबरचं पाकीट नव्हतंच. त्यांनी टेबलाच्या खणातल्या सगळ्या नकला फेकून दिल्या. टॅबवर देवमाशानं शेपटी दाखवली.

---

गोष्ट इथे संपते. ‘काय लिहिलं असेल?’ या ठिकाणी खरंच थांबा. मुलांना उत्तर सुचायला थोडा वेळ लागतो, आणि एकदा सुचलं की चिठ्ठीचा अर्थ त्यांना कायमचा कळलेला असतो.

आता तुमच्यासाठी, गोष्टीतलं काय खरं आणि काय सोपं केलेलं आहे ते. पाकिटाचा आकार खरा आहे. बहुतेक नेटवर्कवर एका पाकिटाची मर्यादा १,५०० बाइटच असते, आणि साध्या बाबतीत पत्त्याचे २० अधिक नंबरांचे २० असे ४० बाइट वजा होतात. सुरुवातीची १० पाकिटंही आजच्या बहुतेक कॉम्प्युटरांत तशीच ठरलेली आहेत. नंबर मात्र पाकिटांचे नसून बाइटचे असतात. म्हणजे ११७ व्या पाकिटावर खरं तर ‘आधीचे १,६९,३६० बाइट सोडून पुढचे’ अशा अर्थाचा आकडा असतो आणि मोजणी शून्याऐवजी भलत्याच एका आकड्यापासून सुरू होते. दहा वर्षांच्या मुलीला हे सांगायची गरज नाही. खऱ्या मावशीही अनेकदा दर दोन पाकिटांना मिळून एक चिठ्ठी पाठवतात. पण मधलं पाकीट गहाळ दिसलं की लगेच प्रत्येक पाकिटाला चिठ्ठी जाते, आणि पहिल्यानंतर तीच चिठ्ठी आणखी तीनदा आली की पाठवणारा घड्याळाची वाट न पाहता पाकीट पुन्हा पाठवतो, हे अगदी असंच घडतं.

थैली आणि पाकीट यांतला फरक मी मुद्दाम ठळक ठेवला आहे. माझ्याकडे शिकायला येणारे मोठे लोकसुद्धा सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. पाकिटावरचा पत्ता घरातल्या डबीपर्यंत तोच राहतो, थैलीवरची चिठ्ठी दर मुक्कामाला बदलते. डबी सहसा पाकिटावर घराच्या पत्त्याच्या जागी टॅबचा पत्ता घालते, तेवढाच अपवाद. टॅबच्या सेटिंगमध्ये दोन वेगवेगळे पत्ते दिसतात, त्यातला एक पाकिटावर लिहायचा आणि दुसरा थैलीवर. हे एकदा डोक्यात बसलं की ‘एकाच यंत्राला दोन पत्ते कशाला?’ हा गोंधळ उरत नाही.

एक मोह टाळा. पुष्कळ ठिकाणी असं रंगवलेलं असतं की प्रत्येक पाकीट आपापल्या वेगळ्या वाटेनं धावतं आणि शेवटी सगळी भेटतात. ऐकायला छान वाटतं, पण राउटर सहसा उलट वागतात. दोन सारखे रस्ते असले तरी एका संवादाची सगळी पाकिटं ते मुद्दाम एकाच रस्त्यावर ठेवतात. कारण साधं आहे. पाकिटं फार पुढेमागे झाली तर मावशी त्याच त्या चिठ्ठ्या पाठवत सुटेल, आणि काही हरवलेलं नसताना काका नकला पाठवत बसतील. रस्ता बदलतो तो केबल तुटली, ऑफिस बंद पडलं किंवा तक्ता नव्यानं लिहिला गेला तर.

वर्गात मी हे खेळून दाखवतो. एका चित्राचे बारा तुकडे, बारा पाकिटं, मध्ये ‘ऑफिस’ झालेली चार मुलं आणि प्रत्येकाच्या हातात तिचा-त्याचा तक्ता. एका मुलाच्या कानात आधीच सांगून ठेवतो की सात नंबरचं पाकीट खिशात घालायचं. एकदा अशाच एका मुलानं पाकीट खिशात घातलं आणि पुढच्याच क्षणी पाठवणाऱ्या मुलीला ओरडून सांगितलं, ‘सात माझ्याकडे पडलंय!’ त्याला गप्प राहणं जमेना, आणि ते साहजिक आहे. माणूस सांगतोच. मी त्याला विचारलं, ‘तुझ्याकडे सेकंदाला लाखो पाकिटं येत असतील, वेगवेगळ्या लोकांची, आणि खण भरलाय म्हणून तू पाकीट टाकतोयस. तेव्हा निरोप कुठल्या खणात ठेवशील?’ त्यानं भरलेल्या खणाकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. गर्दीच्या वेळी राउटरनं निरोपांची भर घातली तर गर्दी वाढेल. म्हणून हिशेब ठेवायचं काम दोन टोकांवर, काका आणि मावशीवर, सोपवलेलं आहे.

त्याच खेळात मुलांनी विचारलेले दोन प्रश्न तुमची मुलगीही विचारेल.

पहिला, ‘शेवटचं, २०० नंबरचंच पाकीट हरवलं तर?’ फार नेमका प्रश्न आहे. त्याच्यामागे एकही पाकीट नाही, त्यामुळे मावशी ‘२०० द्या’ असं पुन्हा पुन्हा लिहिणार नाही, तिला काही हरवलंय हेच कळणार नाही. यासाठी काकांच्या टेबलावर घड्याळ असतं. ठरावीक वेळात पुढची चिठ्ठी आली नाही की ते आपणहून नक्कल पाठवतात. पुन्हा उत्तर नाही आलं तर दुप्पट वेळ थांबून पुन्हा, मग चौपट. चित्र जवळजवळ पूर्ण दिसतं आणि खालची पट्टी तेवढी रेंगाळते, त्यामागे कधी कधी हे घड्याळ असतं.

दुसरा, ‘चिठ्ठीच हरवली तर?’ बहुतेक वेळा काही बिघडत नाही. ‘आता ५१ द्या’ हरवली आणि ‘आता ५२ द्या’ पोचली, तर काकांना कळतंच की ५१ पर्यंत सगळं मिळालंय. ‘मिळालं’ ऐवजी ‘आता अमुक द्या’ लिहिण्याचा फायदा हाच. हे मुलांना सांगू नका, त्यांना शोधू द्या.

गोष्टीत एक गोष्ट मी गाळली आहे. पाकीट हरवल्याचं कळल्यावर काका नुसती नक्कल पाठवत नाहीत, त्यापुढे एका वेळी सोडायच्या पाकिटांची संख्या निम्म्याच्या आसपास आणतात. आपल्या गोष्टीत सगळी पाकिटं सुटून गेली होती म्हणून ते दिसलं नाही. ही सवय काकांना जन्मजात नव्हती. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत एक प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून चक्क ४० बिटवर घसरला. दोघांमधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड. पाकीट हरवलं की सगळे काका नकला पाठवत होते, त्या नकलांनी खण आणखी भरत होते आणि आणखी पाकिटं टोपलीत जात होती. व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधलं आणि १९८८ मध्ये उपाय मांडला: सावकाश सुरू करा, हरवलं की कमी करा. मुलगी थोडी मोठी झाली की हा प्रसंग सांगा.

उपमा कुठे तुटते तेही सांगायला हवं. टपालात एकच कागद हातोहात पुढे जातो. इथे प्रत्येक ऑफिस पाकीट वाचून त्याची प्रत पुढे लिहितं आणि आपल्याकडची विसरून जातं. म्हणून ‘चित्र संग्रहालयातून निघून गेलं का?’ असं तिनं विचारलं तर उत्तर ‘नाही, ते तिथेच आहे’ असं. आणि हवेतून? वायफायवर ते काही मीटर, मोबाइलवर फोनपासून टॉवरपर्यंत. त्यापुढचा बराचसा प्रवास तारांतून आणि काचेच्या तंतूंतून होतो.

शेवटी तिला खरी ऑफिसं दाखवा. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून हे टाइप करा:

```
tracert example.com
```

मॅक किंवा लिनक्सवर `tracert` ऐवजी `traceroute`. एकेक ओळ उमटत जाईल. पहिली ओळ बहुधा तुमच्या घरातली डबी, पुढच्या ओळी म्हणजे वाटेतली ऑफिसं. समोरचे आकडे सेकंदाच्या हजाराव्या भागात आहेत, पाकीट जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ. आकडा एकदम मोठा झाला आणि पुढच्या सगळ्या ओळींत तसाच मोठा राहिला, तर तिथे बहुधा लांबची केबल ओलांडली गेली. काही ओळींत नुसत्या चांदण्या दिसतील. ते ऑफिस बंद पडलेलं नाही, पुढच्या ओळी उमटतायत म्हणजे पाकिटं तिथून जातायत. ते फक्त असल्या चौकशीला उत्तर देत नाही.

ही यादी बनते कशी, ते तिनं विचारलंच तर सांगा की प्रत्येक पाकिटावर चौकटींची एक ओळ असते आणि प्रत्येक ऑफिस एक चौकट खोडतं. चौकटी संपल्या की पाकीट टाकून देतात, म्हणजे तक्ता चुकून दोन ऑफिसं एकमेकांकडेच पाकीट टोलवत बसली तरी ते कायम फिरत राहत नाही. आणि ऑफिसं पाकीट टाकल्याचं पाठवणाऱ्याला कळवतात ते सहसा याच प्रसंगी. `tracert` आधी एकाच चौकटीचं पाकीट पाठवतं, मग दोन चौकटींचं, मग तीन. ज्या ऑफिसात चौकटी संपतात ते आपला पत्ता कळवतं, आणि स्क्रीनवर पुढची ओळ येते. ओळी मोजायचं काम तिच्याकडे द्या.